४६ टक्के शेतकरी मक्याकडे, म्हणजे नेमके किती?

पेरणीच्या तोंडावर खानदेशात एक बातमी हमखास वाचायला मिळते: कापसाचं क्षेत्र घटणार, मका वाढणार. अशा बातमीला कधी कधी सर्वेक्षणाचा आधार असतो. समजा, अशाच एका बातमीत छापलं आहे, 'जळगाव जिल्ह्यातले ४६ टक्के कापूस उत्पादक यंदा मका घेणार.' खाली बारीक अक्षरात आहे, 'नमुना ४०० शेतकरी, मार्जिन ऑफ एरर अधिक-उणे ५ टक्के.' हे आकडे समजावण्यासाठी मी घेतलेले आहेत, पण त्यांची ठेवण अगदी नेहमीची आहे. बहुतेक वाचक ४६ लक्षात ठेवतात आणि बारीक अक्षरं सोडून देतात. त्या ४६ वर किती भार टाकायचा, हे मात्र त्या बारीक अक्षरांतूनच कळतं.

पहिला आक्षेप ठरलेला असतो. २०११ च्या जनगणनेत जळगाव जिल्ह्याची लोकसंख्या ४२ लाखांवर होती, मग ४०० जणांना विचारून काय कळणार? शंका रास्त वाटते, पण गणित वेगळं सांगतं. सगळ्या कापूस उत्पादकांची यादी हाताशी आहे आणि तिच्यातून चिठ्ठ्या टाकून ४०० नावं काढली, असं धरा. प्रत्येक चिठ्ठीला 'हो' निघेल की 'नाही', हा योगायोग असतो, आणि चारशे योगायोग एकत्र आले की ते एकमेकांना बरंचसं सावरून घेतात. किती सावरतात, हे चिठ्ठ्या किती काढल्या यावर ठरतं. यादी दोन लाखांची आहे की वीस लाखांची, याने जवळपास काहीच फरक पडत नाही. यादीच लहान असेल तर गोष्ट वेगळी. ५०० कापूस उत्पादकांच्या गावात ४०० जणांना विचारलं, तर चूक निम्म्याहून कमी होते, कारण विचारायचे फक्त शंभर उरलेले असतात.

हे अधिक-उणे ५ काढण्याची सोपी रीत कुणालाही जमेल. नमुन्याच्या आकड्याचं वर्गमूळ काढा आणि १०० ला त्याने भागा. ४०० चं वर्गमूळ २०, म्हणून ५ टक्के. १०० लोकांना विचारलं तर १० टक्के, १६०० लोकांना विचारलं तर अडीच टक्के. टक्केवारी पन्नासच्या आसपास असेल तेव्हा ही रीत जवळपास अचूक बसते. आपल्या ४६ साठी पूर्ण सूत्र वापरलं तर ४.९ येतात. चूक निम्मी करायची तर माणसं चौपट लागतात. चौपट माणसं म्हणजे चौपट गावं, चौपट गाड्या आणि चौपट फिरणारी मुलं, त्यामुळे पुष्कळ सर्वेक्षणं चारशे ते हजारावरच थांबतात. त्यात लबाडी काही नाही.

म्हणजे खरा आकडा ४१ ते ५१ च्या दरम्यान असावा. 'असावा' म्हणायचं, कारण या मर्यादेमागे ९५ टक्क्यांचा भरवसा गृहीत असतो. हेच सर्वेक्षण नव्याने चिठ्ठ्या काढून शंभर वेळा केलं आणि दर वेळी असाच पट्टा आखला, तर साधारण ९५ पट्ट्यांत खरा आकडा सापडेल आणि पाचांत सापडणार नाही. आपल्या हातातला पट्टा त्या पाचांपैकी आहे का, हे नुसत्या पट्ट्याकडे बघून कळत नाही.

आता त्याच बातमीतलं पुढचं वाक्य घेऊ: 'गेल्या वर्षी हे प्रमाण ४० टक्के होतं, म्हणजे मक्याकडचा कल ६ टक्क्यांनी वाढला.' पाचाच्या मर्यादेपेक्षा सहा मोठे, म्हणून वाढ पक्की, असं वाटतं. पण गेल्या वर्षीचे ४० सुद्धा ४०० जणांच्या सर्वेक्षणातूनच आलेले असतात, तेही तितकेच डळमळीत. दोन डळमळीत आकड्यांची वजाबाकी दोघांहून जास्त डळमळते. दोन्ही नमुने सारखे असतील तर फरकाची मर्यादा एका आकड्याच्या मर्यादेच्या सुमारे १.४ पट होते. इथे ती ७ होते. म्हणजे वाढ ६, अधिक-उणे ७. खरी वाढ तेरा टक्क्यांपर्यंत असू शकते, आणि मुळात वाढ झालीच नाही, हेही शक्य आहे. 'कल वाढलेला दिसतो, पण खात्रीने सांगता येत नाही,' एवढंच प्रामाणिकपणे लिहिता येतं, आणि तसं लिहिलेलं मी क्वचितच वाचलं आहे.

सगळ्यात जास्त फसगत होते ती तालुकावार तक्त्यात. वाचक जिल्ह्याचा आकडा ओलांडून आधी आपला तालुका शोधतो, आणि बातमी देणाऱ्यालाही तिथेच मथळा दिसतो. समजा, सर्वेक्षण जिल्ह्यातल्या १५ पैकी १० तालुक्यांत झालं आणि प्रत्येक तालुक्यात ४० शेतकऱ्यांना विचारलं. जामनेरात ४० पैकी २४ जण 'हो' म्हणाले, म्हणजे ६० टक्के. चोपड्यात १४ जण, म्हणजे ३५ टक्के. मथळा तयार: 'जामनेर मक्याच्या बाजूने, चोपडा कापसाशी एकनिष्ठ.' आता वर्गमूळाची रीत इथे लावा. ४० चं वर्गमूळ सहाच्या थोडं वर, म्हणून मर्यादा जवळपास १५-१६ टक्के. जामनेर ४५ ते ७५ मध्ये कुठेही, चोपडा २० ते ५० मध्ये कुठेही. बातमीखाली छापलेले अधिक-उणे ५ हे फक्त पूर्ण चारशेंसाठी होते. तालुक्यांच्या तक्त्यापाशी ते लागू राहत नाहीत, आणि हे तिथे सहसा लिहिलेलं नसतं.

तरीही कुणी म्हणेल, २५ टक्क्यांचं अंतर काही थोडं नाही. इथे एक गोष्ट नजरेतून सुटते. जामनेर आणि चोपडा आपण आधीपासून ठरवून निवडले नव्हते. दहा तालुक्यांतला सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा उचलला. दहाही तालुक्यांत खरं प्रमाण अगदी सारखं, ४६ टक्केच आहे असं धरा. प्रत्येक ठिकाणी ४० चिठ्ठ्या काढल्या तर काही तालुक्यांत योगायोगाने जास्त 'हो' पडतील, काहींत कमी. गणित करून पाहिलं तर सर्वांत वरच्या आणि सर्वांत खालच्या तालुक्यातलं अंतर सरासरी २४ टक्के निघतं. तालुक्या-तालुक्यांत काडीचाही फरक नसताना! म्हणजे ज्या २५ टक्क्यांवर मथळा उभा केला, तेवढे तर काही नसतानाही पडणारच होते. तालुकावार उतरंड लावून 'अव्वल' आणि 'तळाला' असं छापलेलं दिसलं, की प्रत्येक तालुक्यात किती माणसं होती हे मी आधी शोधतो. आकडा दिलेला नसेल तर तो तक्ता मी वाचत नाही.

मोठी सरकारी सर्वेक्षणं या बाबतीत जास्त काळजी घेतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाचव्या फेरीची जिल्हावार पत्रकं उघडा. काही टक्केवाऱ्या कंसात दिसतील, काहींच्या जागी नुसती तारका. कंसाचा अर्थ, हा आकडा फक्त २५ ते ४९ जणांवर उभा आहे, जपून वापरा. तारका म्हणजे पंचविसांहून कमी जण होते, म्हणून आकडा दिलाच नाही. आपल्या उदाहरणातले सगळे तालुके या नियमाने कंसात गेले असते.

इथवर आपण चिठ्ठ्या टाकून नावं काढली असं मानत आलो. प्रत्यक्षात तसं क्वचित घडतं. एका शेतकऱ्यासाठी एका गावात आणि दुसऱ्यासाठी तीस किलोमीटरवरच्या गावात गाडी पाठवणं परवडत नाही. म्हणून आधी गावं निवडतात, समजा २०, आणि प्रत्येक गावात २० जणांना विचारतात. चारशे पुरे होतात. पण एका गावातल्या वीस जणांची जमीन एकाच पोताची, पाणी एकाच पाटाचं किंवा सगळेच कोरडवाहू, बियाणं एकाच कृषी केंद्रातलं. गेल्या साली गुलाबी बोंडअळीने गावाची बोंडं पोखरली असतील तर विसांतले बरेच जण मक्याचं नाव काढणार. विसाव्या शेतकऱ्याकडून नवं असं फारसं कळत नाही.

हे साम्य मोजण्यासाठी शून्य ते एक असा एक आकडा वापरतात. शून्य म्हणजे गावकऱ्यांच्या उत्तरांत काहीच साम्य नाही, एक म्हणजे सगळ्यांचं उत्तर एकच. हा आकडा ०.०५ इतका लहान धरला, तरी गावात विचारलेल्या माणसांतून एक वजा करून, म्हणजे १९ ने, त्याला गुणायचं आणि एक मिळवायचा. उत्तर येतं १.९५. चारशेंना १.९५ ने भागलं तर २०५ उरतात. कागदावर ४०० माणसं आहेत, पण माहिती २०५ जणांएवढीच मिळाली, आणि अधिक-उणे ५ चे ७ झाले. चाळीस गावांत दहा-दहा जणांना विचारलं असतं तर याच चारशेंतून बरंच जास्त हाती लागलं असतं. नमुन्याच्या आकड्याशेजारी गावांचा आकडा का हवा, ते यावरून दिसेल.

आता उरली ती चूक, जी अधिक-उणेच्या हिशेबात येतच नाही. डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे या सातारा जिल्ह्यातल्या संख्याशास्त्रज्ञांनी १९४० च्या दशकात पीक कापणी प्रयोगांवर काम केलं. पीक विम्यामुळे हे प्रयोग आज खानदेशातल्या शेतकऱ्याला चांगलेच माहीत आहेत. शेतात एक तुकडा आखायचा, तिथलं पीक कापून वजन करायचं आणि त्यावरून एकूण उत्पादनाचा अंदाज बांधायचा. सुखात्मेंनी दाखवलं की तुकडा फार लहान असेल तर उत्पादन खऱ्यापेक्षा जास्त दिसतं, कारण कडेवरची झाडं मोजणाऱ्याच्या हातून आत धरली जातात आणि लहान तुकड्याला क्षेत्राच्या मानाने कड जास्त असते. असे तुकडे दुप्पट-तिप्पट घेतले तरी चूक तेवढीच राहते, कारण प्रत्येक तुकडा एकाच बाजूला झुकलेला असतो.

आपल्या सर्वेक्षणात अशी कड कुठे आहे? ती चारशे माणसं कुठे भेटली, यात. समजा, मुलाखती जिनिंगच्या आवारात आणि बाजार समितीच्या दारात घेतल्या. तिथे येतो तो स्वतःची किंवा भाड्याची गाडी भरून आणणारा शेतकरी. खेडा खरेदीत दारावरच माल देणारा लहान शेतकरी तिथे येतच नाही. व्यापारी ट्रॉलीतला कापूस बघताना वरच्या थरावर विसंबत नाही, कोपरापर्यंत हात खाली घालून ओल तपासतो. या सर्वेक्षणाने फक्त वरचा थर पाहिला.

त्याचा परिणाम आकड्यांत मांडू. धरा की जिल्ह्यातले एक तृतीयांश कापूस उत्पादक खेडा खरेदीतच माल देतात आणि त्यांच्यातले २८ टक्के मका घेणार आहेत, कारण मक्याला लागणारं पाणी त्यांच्याकडे नाही. उरलेल्या दोन तृतीयांशांत ४६ टक्के. दोन्ही एकत्र केले तर जिल्ह्याचं खरं प्रमाण ४० टक्के येतं. आवारात विचारलेल्या ४०० जणांनी आपल्याला ४६ सांगितले, पट्टा ४१ ते ५१, खरे ४० जरासे बाहेर राहिले. आता कुणी मन लावून, पैसे खर्चून त्याच आवारांत ४,००० जणांना विचारलं तर? मर्यादा दीड टक्क्यावर येईल, पट्टा साडेचव्वेचाळीस ते साडेसत्तेचाळीस असा आवळला जाईल, आणि ४० त्याच्यापासून साडेचार टक्के दूर पडतील.