हायड्रोपोनिक टाकीतील सामू-ईसी मापन व पंपाने खतमात्रा (कोकण किनारा)

मातीविना शेतीच्या लहान टाकीत दोन संवेदक बुडवलेले असतात. एक सामू (पीएच) मोजतो, दुसरा विद्युतवाहकता म्हणजे ईसी. ईसी ठरवलेल्या आकड्याखाली गेली की नियंत्रक पेरिस्टाल्टिक पंप चालवतो. पंपाचे रूळ सिलिकॉनची नळी दाबत पुढे सरकतात, त्यामुळे द्रावण फक्त नळीला स्पर्श करते आणि आम्लानेही पंप गंजत नाही. नळी मात्र वापराने सैलावते. म्हणून पंप मिनिटाला किती मिली देतो हे मोजपात्रात अधूनमधून पाहावे.

द्रावणे दोन असतात. कॅल्शियम नायट्रेट ‘अ’मध्ये, फॉस्फेट व सल्फेट ‘ब’मध्ये. तीव्र स्वरूपात ती एकत्र आली तर पांढरा साका बसतो, म्हणून प्रत्येकाला वेगळा पंप लागतो. समजा, लेट्यूसच्या १०० लिटर टाकीत ईसी १.६ (मिलिसिमेन्स प्रति सेंमी) हवी आहे आणि दिसते आहे १.२. लिटरमागे दोन्ही द्रावणे १–१ मिली घातल्यास ईसी ०.२ ने वाढत असेल, तर प्रत्येकी २०० मिली लागेल. मिनिटाला १०० मिली देणारा पंप २ मिनिटे चालेल. मात्रा दोन-तीन हप्त्यांत द्यावी आणि प्रत्येक हप्त्यानंतर पाणी दहा-पंधरा मिनिटे फिरू द्यावे. सामू त्यानंतर पाहावा, कारण खतानेही तो बदलतो. लेट्यूसला ५.५ ते ६.५ सामू मानवतो. जांभ्यातले किंवा पावसाचे पाणी मऊ असल्याने थोड्या आम्लानेही सामू झपकन कोसळतो. तिथे आम्ल पातळ करून, थेंबाथेंबानेच द्यावे.

किनाऱ्यावरची खरी अडचण मीठ ही आहे. ईसी संवेदकाला खत आणि मीठ यांतला फरक कळत नाही. पावसाळ्यानंतर विहिरीचे पाणी ०.३ असेल, तर १.६ मधला १.३ वाटा खताचा असतो. तीच विहीर मे महिन्यात मचूळ होऊन ०.९ वर गेली, तर खताला ०.७ एवढीच जागा उरते. पडद्यावर मात्र १.६ च दिसते. शिवाय झाडे पाणी पितात, सोडियम फारसे घेत नाहीत. टाकीभर पाणी पुन्हा ओतून झाले की मिठाचा वाटा १.८ च्या आसपास जातो आणि पंप चालतच नाही. पाने जोमात असतानाही ‘अ’ व ‘ब’ बाटल्यांची पातळी आठवडाभर हलली नाही, तर संवेदक बिघडला असे समजण्याआधी विहिरीच्या पाण्याची ईसी मोजावी.

अशा वेळी टाकी रिकामी करून नव्याने भरणे हाच उपाय आहे. पागोळीचे साठवलेले पाणी विहिरीच्या पाण्यात निम्मे मिसळले तर ०.९ चे सुमारे ०.४५ होते. मग खताचा १.३ वाटा धरून नियंत्रकावर १.७५ लावावे. विहीर बदलत राहते, म्हणून फेब्रुवारीपासून जूनपर्यंत हा आकडा दर आठवड्याला नव्याने काढावा लागतो.