दिलगिरी आणि माफी यांतला घोळ

एखाद्या पुढाऱ्याची जीभ घसरली की दुसऱ्या दिवशी दोन तऱ्हेचे मथळे दिसतात. एक पेपर ‘अखेर माफी’ म्हणतो, दुसरा ‘दिलगिरी व्यक्त’. निवेदन एकच असतं. मग समर्थक सांगत फिरतात की माफी मागितलेलीच नाही, आणि विरोधक म्हणतात, मागायला लावली. दोघांनाही आपापल्या परीने आधार सापडतो, कारण या दोन शब्दांचं मागचं आयुष्य वेगवेगळं आहे.

दोन्ही मराठीत आले ते फारसीच्या वाटेने. ‘दिलगीर’ म्हणजे उदास, खिन्न. मोल्सवर्थच्या 1857 च्या कोशातही त्याचा अर्थ दुःखी असाच आहे. घरात मयत झाली तरी माणूस दिलगीर होई, त्यात चूक कुणाची हा प्रश्नच नव्हता. ‘माफ’ मात्र देण्याघेण्यातला. सारा माफ, जकात माफ, आणि आजची कर्जमाफी, फीमाफी. देणं आहे हे कबूल, पण सोडायचं की नाही हे येणेकऱ्याच्या हातात. पुढे इंग्रजीतल्या ‘रिग्रेट’च्या जागी दिलगिरी बसली आणि तिच्यात चुकीची छटा शिरली. पण पुरती नाही.

फरक वाक्यातच दिसतो. माफी मागायची तर ‘कुणाची’ हे सांगावं लागतं. दिलगिरीला नुसतं ‘बद्दल’ पुरतं: झाल्या प्रकाराबद्दल, गैरसोयीबद्दल. समोरचा माणूस वाक्यात नसला तरी चालतो. ‘खेद आहे’ त्याहून सोयीचं, त्यात तर बोलणाराही गायब होऊ शकतो. आणि ‘भावना दुखावल्या असतील तर’ हा ‘तर’ जोडला की चूक झाली का, हेच ऐकणाऱ्यावर ढकललं जातं. कार्यालयांना आणि पुढाऱ्यांना दिलगिरी का आवडते ते यावरून कळावं.

नव्वदच्या दशकात मी एका जिल्हा दैनिकाच्या डेस्कवर होतो. पुण्यस्मरणाच्या जाहिरातीत फोटोंची अदलाबदल झाली आणि हार घातलेल्या चौकटीत गावातले एक हयात व्यापारी छापून आले. दुसऱ्या दिवशी आम्ही खुलासा दिला: ‘नजरचुकीने अन्य व्यक्तीचे छायाचित्र प्रसिद्ध झाले. त्याबद्दल आम्ही दिलगीर आहोत.’ व्यापारी कात्रण घेऊन आले. “अन्य व्यक्ती म्हणजे मी ना? मग माझं नाव कुठंय? सकाळपासून लोक घरी भेटायला येतायत.” व्यवस्थापनाला ‘माफी’ नको होती, पुढे दावा झालाच तर तो कबुलीजबाब ठरेल म्हणून. तीन दिवस घासाघीस चालली. शेवटी त्यांचं नाव घालून ‘यांची आम्ही माफी मागतो’ असं छापलं, तेही पहिल्या पानावर. दावा झाला नाही. तेव्हापासून मी ‘दिलगिरी’ला ‘माफी’ असा मथळा कधी दिला नाही, आणि जे देतात ते आळस करतात असं माझं मत आहे.

न्यायालयांत हा फरक जास्त काटेकोरपणे पाहिला जातो. न्यायालयाच्या अवमानाचा कायदा 1971 चा. त्यात सहा महिन्यांपर्यंत साधी कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात, आणि न्यायालयाचं समाधान होईल अशी माफी मागितली तर शिक्षा माफ होऊ शकते. ती मनापासून असेल तर केवळ सशर्त आहे म्हणून फेटाळू नये, असंही त्यात म्हटलंय. तरी वकील प्रतिज्ञापत्रात ‘बिनशर्त’ लिहायला लावतात, कारण त्या ‘तर’वर कोण विश्वास ठेवणार?

‘चूकभूल द्यावी घ्यावी’ हाही मुळात व्यवहारातला करार. हिशेबात चूक निघाली तर कमीजास्त देऊ-घेऊ, एवढंच. आता लेखाच्या शेवटी चू.भू.द्या.घ्या. टाकून लोक मोकळे होतात. पूजेच्या शेवटी येणारं ‘क्षमस्व’ म्हणजे ‘क्षमा कर’, देवाला केलेली विनवणी. ते हल्ली फोनवरच्या संदेशांत ‘सॉरी’च्या जागी दिसतं. तिथवर ठीक, पण ‘मी क्षमस्व आहे’ म्हणजे ‘मी क्षमा कर आहे’.

घरात यातलं काहीच लागत नाही. ‘चुकलं माझं’ किंवा ‘सॉरी हं’ एवढ्यावर भागतं, आणि त्यातलं बरंचसं काम तो ‘हं’ करतो. नुसतं ‘सॉरी’ तुटक वाटतं. पाय लागला तर शब्दही नको, हात लावून नमस्कार केला की झालं. वडीलधारे तर ‘सॉरी’ म्हणतच नाहीत, थोड्या वेळाने स्वयंपाकघरातून हाक येते, “जेवायला चल.”