संरक्षण, निवास व आर्थिक मदतीचे आदेश (कौटुंबिक हिंसाचार कायदा) : मराठवाड्यातील वापर

कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ हा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. घरात मारहाण, शिवीगाळ, लैंगिक छळ किंवा पैशांची कोंडी सोसणाऱ्या बाईला या कायद्याने प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे थेट अर्ज करता येतो. त्रास थांबवण्यासाठी कलम १८ खाली संरक्षण आदेश, राहत्या घरासाठी कलम १९ खाली निवास आदेश आणि खर्चापाण्यासाठी कलम २० खाली आर्थिक मदत, असे सगळे एकाच अर्जात मागता येते. बीड, जालना, परभणीकडे याला ‘डीव्ही टाकली’ असे म्हणतात.

हा अर्ज फौजदारी कोर्टात जातो म्हणून तो गुन्हाच, असा समज गावोगाव आहे. माहेरची माणसेही ‘केस केली तर नांदायचा रस्ता बंद होईल’ म्हणून बाईला थांबवतात. प्रत्यक्षात यात एफआयआर नसते, अटक नसते. समोरचा आरोपी नसून ‘गैरअर्जदार’ असतो आणि मिळणारी मदत दिवाणी स्वरूपाची असते. ‘४९८’ म्हणून ओळखला जाणारा गुन्हा (आता भारतीय न्याय संहितेचे कलम ८५) वेगळा आहे. तो दाखल न करताही डीव्हीचा अर्ज चालतो. घटस्फोटही मागावा लागत नाही. गुन्हा घडतो तो पुढे, कोर्टाने दिलेला संरक्षण आदेश मोडला तर. त्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते आणि तो गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र आहे.

मराठवाड्यात खरी अडचण येते ती घर आणि उत्पन्नाच्या कागदावर. नवऱ्याच्या नावावर बहुधा काहीच नसते. सातबारा सासऱ्याचा, ग्रामपंचायतीच्या नमुना ८ ला घर सासऱ्याचे किंवा आजेसासऱ्याचे आणि कमाई हंगामी, रोखीची. ‘पोराच्या नावावर काही नाही, तिला काय मिळणार?’ हे वाक्य कोर्टाच्या आवारात रोज ऐकू येते. त्याचे उत्तर कायद्यात आहे, पण अर्ज तसा लिहिलेला असावा लागतो.

आधी घर घेऊ. हा कायदा बाईला ‘सामाईक घरात’ राहण्याचा हक्क देतो. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने बात्रा प्रकरणात असे म्हटले होते की सामाईक घर म्हणजे नवऱ्याच्या मालकीचे, भाड्याचे किंवा तो ज्याचा सदस्य आहे त्या एकत्र कुटुंबाचे घर. त्या निकालाच्या आधारे सासऱ्यांच्या घरातून सुना बाहेर काढल्या गेल्या. १५ ऑक्टोबर २०२० रोजी सतीशचंदर आहुजा प्रकरणात तीन न्यायमूर्तींनी ती भूमिका चुकीची ठरवली. घर सासू-सासऱ्यांच्या मालकीचे असले तरी बाई लग्नसंबंधाने तिथे स्थिरपणे राहत होती का, हे पाहायचे. पाहुणी म्हणून चार दिवस राहिलेल्या घरावर असा हक्क येत नाही. पुढे २०२२ साली प्रभा त्यागी प्रकरणात न्यायालयाने सांगितले की, ज्या घरात राहण्याचा तिला हक्क होता तिथे ती घटनेच्या वेळी प्रत्यक्ष राहत नसली तरी अर्ज करू शकते. या कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्याचा अहवाल नसला तरी अर्ज चालतो, हेही त्याच निकालात आहे.

हा मालकी हक्क मात्र नव्हे. घरात तिचा वाटा लागत नाही आणि वृद्ध सासू-सासऱ्यांचे शांतपणे राहण्याचे हितही कोर्ट तोलते. कायदेशीर प्रक्रियेशिवाय तिला बाहेर काढता येत नाही, एवढाच त्याचा अर्थ. पण ज्या बाईची पेटी रात्री अंगणात फेकली गेली तिच्यासाठी हे ‘एवढेच’ फार मोठे आहे.

नमुन्यादाखल एक कल्पित प्रकरण पाहू. त्यातल्या गोष्टी मात्र नेहमीच्या आहेत. बाईचे सासर गेवराई तालुक्यात, माहेर केज तालुक्यात. नवरा हंगामात ऊस वाहतुकीच्या ट्रॅक्टरवर चालक, एरवी मिळेल ते काम. दोन मुले. तीन खोल्यांचे पत्र्याचे घर आणि दोन एकर कोरडवाहू जमीन सासऱ्याच्या नावावर. मे महिन्यात मारहाण करून तिला मुलांसह हाकलले आणि ती माहेरी आली. १ जूनला तिने केजच्या कोर्टात अर्ज दिला. सासर दुसऱ्या तालुक्यात असले तरी हे चालते, कारण बाई जिथे कायम किंवा तात्पुरती राहते तिथे अर्ज करण्याची मुभा कलम २७ देते. कारखान्याच्या तळावर, कोपीत मार खाऊन परत आलेल्या ऊसतोड मजूर बाईलाही याचमुळे कोल्हापूर-सांगलीच्या कोर्टात तारखा कराव्या लागत नाहीत.

अर्ज संरक्षण अधिकाऱ्यामार्फत देता येतो किंवा स्वतः. वकील नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडून मोफत मिळतो. त्यासाठी बाईला उत्पन्नाची अट नाही. कायद्याप्रमाणे पहिली तारीख साधारण तीन दिवसांत लागावी आणि त्यानंतर साठ दिवसांत निकाल देण्याचा प्रयत्न व्हावा. प्रत्यक्षात महिने जातात आणि सर्वाधिक वेळ खाते ती नोटीस बजावणी. नवरा गावात नाही, कुलूप आहे, टोळीबरोबर गेला आहे, असे शेरे पडत राहतात. म्हणून शपथपत्रासह कलम २३ चा अंतरिम अर्ज सुरुवातीलाच जोडावा. हिंसा झाली किंवा होण्याची शक्यता आहे असे प्रथमदर्शनी दिसले, तर समोरच्याला ऐकण्याआधीही कोर्ट एकतर्फी अंतरिम आदेश देऊ शकते.

आता तिने काय मागितले ते बघा. ‘घरात राहू द्यावे’ एवढीच मागणी असती तर आदेश हातात घेऊन ती गावी गेली असती आणि तिला ओसरी दाखवली गेली असती. तिने पश्चिमेची खोली मागितली, तिची किल्ली मागितली, अंगणातला नळ, संडास आणि वीज वापरण्यास कोणी अडथळा करू नये असे मागितले, आणि घर विकू नये किंवा गहाण टाकू नये असा मनाई आदेश मागितला. खोलीला आतून सामायिक दार असेल तर ते कोणत्या बाजूने बंद राहील, हेही लिहून घेतलेले बरे. वीज तोडणे हा बाईला पुन्हा हुसकण्याचा सगळ्यात जुना मार्ग आहे आणि आदेशात विजेचा उल्लेख नसला की तिथून नवा वाद सुरू होतो.

नवऱ्यालाच घराबाहेर जायला सांगण्याचा आदेशही कलम १९ मध्ये आहे. सासूला किंवा नणंदेला मात्र असे बाहेर काढता येत नाही, कायद्याने स्त्रीविरुद्ध तसा आदेश द्यायला मनाई केली आहे. म्हणून सासू घरात असली की खोली वाटून घेणे किंवा त्याच दर्जाच्या दुसऱ्या जागेचे भाडे मागणे, हेच दोन मार्ग उरतात. जिथे जिवाला धोका आहे तिथे भाडे मागणेच शहाणपणाचे.

सासऱ्याने उत्तरात सांगितले की मुलाला आपण बेदखल केले असून वर्तमानपत्रात जाहीर नोटीसही दिली आहे. मराठवाड्यातल्या डीव्ही प्रकरणांत हे कात्रण हटकून जोडलेले असते. अशा नोटिशीने सुनेचा राहण्याचा हक्क आपोआप संपत नाही. नोटिशीची तारीख तिच्या अर्जानंतरची असेल किंवा भांडणाच्या आठवडाभर आधीची असेल, तर ती कोर्टाला दाखवावी. रेशन कार्ड, मुलांच्या शाळेचा दाखला, आधारवरचा पत्ता आणि अंगणवाडीची नोंद यांवरून ती त्या घरात नांदत होती हे सिद्ध होते.

पैशांकडे वळू. कलम २० मध्ये पोटगीबरोबर औषधपाण्याचा खर्च, बुडालेली मजुरी आणि हिरावलेल्या किंवा मोडलेल्या वस्तूंची भरपाईही येते. नवऱ्याचे म्हणणे होते, ‘मला उत्पन्न नाही.’ नोव्हेंबर २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालानंतर दोन्ही बाजूंना मालमत्ता व देण्यांचे शपथपत्र द्यावे लागते. त्यात शेतकऱ्यांसाठी वेगळा नमुना आहे : जमीन किती, ओलिताची की कोरडवाहू, पीक काय, जनावरे किती. वकील पुष्कळदा नोकरदारांचा नमुना भरून देतात आणि सगळे रकाने ‘निरंक’ राहतात. आपल्या बाजूने शेतीचाच नमुना मागावा.

तिने महिना बारा हजार मागितले. कोर्टाने डिसेंबरमध्ये अंतरिम आदेशाने तिला तीन हजार आणि प्रत्येक मुलाला दीड हजार, असे सहा हजार मंजूर केले, तेही अर्जाच्या तारखेपासून. रजनेश निकालाने हाच नियम घालून दिला आहे. म्हणजे आदेशाच्या दिवशीच जून ते नोव्हेंबरची छत्तीस हजारांची थकबाकी उभी राहिली.

नवऱ्याने एक रुपया दिला नाही. इथे एक चूक वारंवार होते. पोटगी थकली की बाई आदेशभंगाचा गुन्हा नोंदवायला पोलीस ठाण्यात जाते आणि परत पाठवली जाते. कलम ३१ चे शब्द संरक्षण आदेशाच्या भंगापुरते आहेत. थकलेल्या पैशांसाठी वसुलीचा अर्ज त्याच कोर्टात करायचा. वसुली फौजदारी प्रक्रिया संहितेतल्या पोटगीप्रमाणे (पूर्वीचे कलम १२५, आता नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४४) होते. त्यात वॉरंट निघते आणि तरीही पैसे न भरल्यास एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. कैद भोगली म्हणून देणे फिटत नाही. रक्कम देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज द्यावा, नाहीतर जुने महिने हातचे जातात. ‘तो देईल’ म्हणून दोन-दोन वर्षे वाट पाहणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत आणि ती वाट त्यांना फार महाग पडली.

कलम २० मध्ये आणखी एक सोय आहे : मालकाला किंवा देणेकऱ्याला पैसे थेट बाईला द्यायला किंवा कोर्टात भरायला सांगता येते. या प्रकरणात ट्रॅक्टरमालकाला तशी नोटीस गेली. त्याने लेखी सांगितले की चालकाने हंगामाआधीच उचल घेतली आहे, त्यामुळे आता देणे काही नाही, उलट येणेच आहे. ऊसतोडीच्या पट्ट्यात ही तरतूद अशी उचलीवर अडते. तिने मग उचलीची ती कबुलीच पुरावा म्हणून वापरली. ज्याला मालक आगाऊ रक्कम देतो, त्याला उत्पन्न नाही असे म्हणता येत नाही. पुढच्या हंगामाची उचल ऑगस्ट-सप्टेंबरात वाटली जायच्या आत तिने नव्याने अर्ज दिला आणि उचलीतून रक्कम आधी कापून कोर्टात भरावी असा आदेश मागितला.