पाळी मागेपुढे होतेय म्हणजे दिवस राहणार नाहीत, असं नव्हे

औषधांच्या काउंटरवर चाळिशी ओलांडलेल्या ताई आवाज खाली आणून एक प्रश्न हमखास विचारतात: "दोन महिने झाले, पाळी नाही. म्हणजे आता गेलीच ना? मग गर्भनिरोधक कशाला?" मागे चार माणसं उभी असताना याचं नीट उत्तर देता येत नाही, म्हणून हे पत्रक.

स्त्रीबीज बाहेर पडलं आणि दिवस राहिले नाहीत, तर साधारण दोन आठवड्यांनी पाळी येते. म्हणजे आधी बीज, मग पाळी. पाळी लांबते ती बहुतेक वेळा बीजालाच उशीर झाला म्हणून. पाळी जाण्याआधीच्या काही वर्षांत एखाद्या महिन्यात बीज येतच नाही, कधी ते दहाव्या दिवशीच येतं, तर कधी अडीच महिन्यांनी. त्यामुळे पाळी चुकल्याच्या दिवसांवरून पुढचं बीज कधी येईल ते ओळखता येत नाही. "सुरक्षित दिवस" मोजण्याची पद्धत या वयात म्हणूनच कुचकामी ठरते.

एक उदाहरण घेऊ. ताईंचं वय 46. आधी पाळी 28 दिवसांनी यायची, गेल्या वर्षभरात कधी 24, कधी 40, कधी 60 दिवसांनी. यावेळी 70 दिवस झाले तरी आली नाही. त्यांनी घरी लघवीची चाचणी केली, एकच रेघ आली. त्या निश्चिंत झाल्या आणि कंडोम बंद केला. संबंध आला 73 व्या दिवशी, बीज बाहेर पडलं 76 व्या दिवशी. शुक्राणू शरीरात पाच दिवसांपर्यंत तग धरू शकतात, त्यामुळे दिवस राहिले. 90 व्या दिवसाच्या सुमारास यायची ती पाळी अर्थातच आली नाही, पण "गेलीच आता" या समजुतीत ते खटकलंही नाही. मळमळ आणि थकवा वयावर ढकलला. 110 व्या दिवशी पुन्हा चाचणी केली, दोन रेघा.

70 व्या दिवसाची चाचणी खोटी नव्हती. पण चाचणी सांगते ती आधीच्या संबंधांबद्दल, पुढच्या नाही. आणि शेवटच्या असुरक्षित संबंधाला 21 दिवस झाल्याशिवाय तिच्या "नाही"वर पूर्ण भिस्त ठेवू नये. आणखी एक घोळ: शेवटच्या पाळीपासून मोजलं, तर गर्भ जवळपास सोळा आठवड्यांचा वाटतो. प्रत्यक्षात तो सातव्या आठवड्यात आहे. हे सोनोग्राफीतच कळतं, आणि पुढचा कोणताही निर्णय घ्यायचा तर खरे आठवडे माहीत असावे लागतात.

या वयात दिवस राहण्याची शक्यता कमी असते, हे खरं. पण राहिलेच, तर गर्भपात होण्याचा आणि बाळाच्या गुणसूत्रांत दोष असण्याचा धोका तरुणपणापेक्षा बराच जास्त असतो. मूल हवं असेल आणि चाळिशी उलटली असेल, तर वाट पाहत न बसता सुरुवातीलाच डॉक्टरांना भेटावं.

मग गर्भनिरोधक कधी थांबवायचं? सलग 12 महिने पाळी आली नाही की ती गेली असं म्हणतात. पण वय पन्नाशीच्या आत असेल, तर शेवटच्या पाळीनंतर दोन वर्षं काळजी घ्यावी. पन्नाशीनंतर एक वर्ष पुरतं. अकराव्या महिन्यात पाळी आली, तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून. हा हिशोब हार्मोन न घेणाऱ्यांसाठी आहे. नेहमीच्या गर्भनिरोधक गोळ्यांच्या पाकिटानंतर येणारा रक्तस्राव ही खरी पाळी नसते, त्यामुळे त्यावरून काहीच ठरवू नका.

"पाळी गेली का ते बघायला एफएसएच या हार्मोनची तपासणी करू का?" असंही विचारलं जातं. या वर्षांत ते हार्मोन वरखाली होत राहतं. आज जास्त आलं, तरी पुढच्या महिन्यात बीज येऊ शकतं. एका रिपोर्टवर कंडोम सोडू नये.

साधन कोणतं, हे तब्येतीवर ठरतं. तांबी या वयात बऱ्याच जणींना सोयीची पडते, कारण रोज काही लक्षात ठेवावं लागत नाही. मात्र पाळीत आधीच जास्त जात असेल, तर ती त्रास वाढवू शकते. तिथे हार्मोन असलेली तांबी बरी, तिने रक्तस्राव कमी होतो. दोन हार्मोनांच्या गोळ्या पन्नाशीनंतर देत नाहीत. त्याआधीही धूम्रपान, रक्तदाब किंवा डोळ्यांपुढे चमचम होऊन उठणारी अर्धशिशी असेल, तर डॉक्टरांना न विचारता आमच्याकडूनही त्या मागू नका. आणि गरम वाफांसाठी दिलेल्या हार्मोनच्या गोळ्यांनी गर्भधारणा टळत नाही. नावं सारखी वाटतात, पण काम वेगळं.

असुरक्षित संबंध आला असेल, तर आमच्याकडे मिळणारी तातडीची गोळी लवकरात लवकर, 72 तासांच्या आत घ्या. वर्षभर पाळी नसताना अचानक रक्त गेलं, तर गोळ्या मागायला इथे न येता आधी डॉक्टरांकडे जा.