बंगल्याचे नाव (आशीर्वादपर)

नवीन बांधलेल्या घराला कुटुंबाने दिलेले आणि फाटकाच्या खांबावर पाटी करून लावलेले नाव. नाव सहसा वास्तुशांतीच्या आधी ठरते, कारण ते निमंत्रणपत्रिकेत छापायचे असते. पाटी मात्र खांबाचा गिलावा आणि रंग झाल्यावर बसते. त्यामुळे पत्रिकेवर ऐसपैस वाटलेले नाव खांबावर मावत नाही, असे पुष्कळदा घडते.

सगळीच घरनावे आशीर्वादपर नसतात. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दादरच्या हिंदू कॉलनीतील आपल्या घराला प्राचीन मगधाच्या राजधानीवरून ‘राजगृह’ हे नाव दिले. आशीर्वादपर नावाचे मात्र सहसा दोन भाग असतात: आशीर्वाद कोणाचा आणि तो कोणत्या स्वरूपाचा. ‘दत्तकृपा’त दत्त देणारा आणि कृपा मिळालेली. पुढे ‘निवास’, ‘सदन’ किंवा ‘भवन’ जोडण्याची हौस असते. पण पाटी घरालाच लागलेली असल्यामुळे हा तिसरा भाग काही नवे सांगत नाही. जागा कमी पडली तर आधी तोच काढावा.

दुसऱ्या भागातील शब्द एकमेकांच्या जागी चालत नाहीत. कृपा आणि अनुग्रह सहसा देवाचा किंवा गुरूचा, कधी आईवडिलांचाही. छाया आईवडिलांची, म्हणून ‘मातृछाया’, ‘पितृछाया’. पुण्याई वडीलधाऱ्यांनी जोडलेली. ‘स्मृती’ मात्र गेलेल्या माणसाचीच असते. आई हयात असताना ‘मातृस्मृती’ लिहिणे अशुभ वाटते आणि तिला लागतेही. तिच्यासाठी ‘मातोश्री’ हा सरळ, आदराचा शब्द आहे.

मापाचे एक उदाहरण घेऊ. दीड विटेचा खांब गिलाव्यासह सुमारे १५ इंच रुंद भरतो. त्यावर १२ इंच रुंद पाटी शोभते आणि दोन्ही कडांना एकेक इंच सोडला की अक्षरांसाठी १० इंच उरतात. घरात आजोबांना गजानन हवा आहे, मुलांना आईवडील, आणि कागदावर ‘श्री गजानन मातृपितृकृपा निवास’ असे लिहिले गेले आहे. आधी ‘निवास’ काढला. ‘श्री’ वरच्या बाजूला मध्यभागी लहान आकारात घेतला. ‘गजानन’ काढून नुसते ‘मातृपितृकृपा’ ठेवले तरी सहा अक्षरे होतात, त्यात काना आणि वेलांटीही आडवी जागा खातात. दहा इंचांत अक्षराची उंची जेमतेम दीड इंच येते आणि तीन ऋकार खाली लोंबतात. ‘दत्तकृपा’सारखे चार अक्षरांचे नाव त्याच जागेत सव्वादोन इंचांच्या आसपास उंच बसते. या घरासाठी ‘अनुग्रह’ चांगले: चार अक्षरे, आणि देणाऱ्याचे नाव नसल्यामुळे गजाननाचा अनुग्रह आणि आईवडिलांचा, दोन्ही त्यात सामावतात. आजोबांसाठी ‘श्री’च्या जागी गणपतीची छोटी आकृती कोरता येते.

इंच मोजून भागत नाही. पुठ्ठ्यावर खऱ्या मापात नाव लिहून तो खांबावर चिकटवावा आणि रस्त्यापलीकडून संध्याकाळच्या उजेडात घरातल्या वयस्कर माणसाकडून वाचून घ्यावा. ते अडखळले तर नाव लहान करावे. अक्षरे दाटीवाटीने बसवू नयेत.

ग्रॅनाइटवर कोरलेली चूक पुसता येत नाही, म्हणून कारागिराला नाव तोंडी किंवा फोनवर सांगू नये, स्वच्छ लिहून द्यावे. मराठीत ‘ऋ’चा उच्चार ‘रु’ होत असल्यामुळे ‘कृपा’चे ‘क्रुपा’ होते. ‘आशीर्वाद’मधला रफार ‘वा’वर असतो; तो एक अक्षर मागे सरकून ‘आर्शीवाद’ झालेल्या पाट्या गल्लोगल्ली दिसतात. ‘प्रसाद’ला चुकून काना लागला तर ‘प्रासाद’, म्हणजे राजवाडा होतो आणि कृपेचा अर्थच जातो. कोरण्याआधी कारागिराने दगडावर आखलेली अक्षरे स्वतः जाऊन पाहणे हाच खात्रीचा उपाय.

स्टीलची किंवा पितळेची कापीव अक्षरे घेतल्यास देवनागरीचा एक फायदा होतो: शिरोरेषेमुळे सगळा शब्द अखंड कापता येतो. पण अनुस्वाराचा ठिपका सुटाच राहतो आणि नुसता डिंकाने चिकटवला तर ऊनपावसात गळतो; मग ‘आनंद’चे ‘आनद’ होते. ठिपक्याला मागून स्वतंत्र खिळा लावून घ्यावा, नाहीतर अनुस्वार नसलेले नाव निवडावे.

एकाच वसाहतीत दोन-तीन ‘साईकृपा’ असणे नवलाचे नाही. कुरिअरवाल्याला नावाने घर सापडत नाही, म्हणून प्लॉट क्रमांक पाटीच्या तळाशी, नावाच्या निम्म्याहून कमी उंचीत लिहितात. आडनावही त्याच ओळीत बसते.