कंसातली दोन वर्षं: १९३६ की १९७९?

प्रबंधांमध्ये आणि शोधनिबंधांमध्ये ‘(आंबेडकर १९७९)’ असा संदर्भ नेहमी दिसतो. बाबासाहेबांचं निधन १९५६ सालचं. तरीही हा संदर्भ सपशेल चुकीचा नाही, कारण महाराष्ट्र शासनाच्या शिक्षण विभागाने काढलेल्या ‘रायटिंग्ज अँड स्पीचेस’चा पहिला खंड खरोखरच १९७९ साली आला आणि १९३६ सालचं ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’ बहुतेक अभ्यासक त्यातूनच वाचतात. संदर्भात दोन वर्षं देण्याची पद्धत याच अडचणीतून निघाली.

लेखकाचं नाव आणि वर्ष कंसात टाकायची चाल मुळात प्राणिशास्त्रातली. तिचा मूळ धागा शोधणारे हार्वर्डच्या एडवर्ड लॉरेन्स मार्क यांच्यापाशी पोचतात. १८८१ साली त्यांनी बिनशंखाच्या गोगलगाईच्या अंड्यांवर एक दीर्घ निबंध लिहिला आणि त्यात तळटीपांऐवजी नाव व वर्ष मजकुरातच दिलं. विज्ञानात हे चपखल बसलं. तिथे निबंध सहसा एकदाच छापला जातो, आणि कोणी काय आधी सांगितलं हे वर्ष बघून लगेच कळतं. ‘हार्वर्ड पद्धत’ हे नाव तिथूनच आलं.

पुढे मानसशास्त्र आणि समाजशास्त्रांनी ही पद्धत उचलली, तेव्हा कंसातल्या एका आकड्यावर दोन कामं पडली. वर्षाने विचाराचा काळ सांगायचा आणि हातातलं पुस्तकही ओळखून द्यायचं. पृष्ठक्रमांक जुळायला हातातल्या पुस्तकाचं वर्ष हवं, तर वादाचा क्रम लागायला मूळ वर्ष. नुसतं १९३६ लिहिलं तर वाचक त्या पानावर पोचणार नाही. नुसतं १९७९ लिहिलं तर आणीबाणीनंतरच्या कोण्या लेखकाने हे मांडलं असा समज होईल.

फ्रॉइडच्या बाबतीत हा प्रश्न फार लवकर टोकाला गेला. स्वप्नांवरचं त्याचं पुस्तक प्रत्यक्षात नोव्हेंबर १८९९ मध्ये बाहेर पडलं, पण प्रकाशकाने शीर्षकपानावर १९०० छापलं. संदर्भात शीर्षकपानावरचंच वर्ष देतात, म्हणून जग आज १९०० म्हणतं. इंग्रजी अभ्यासक वापरतात तो जेम्स स्ट्रेचीचा ‘स्टँडर्ड एडिशन’मधला अनुवाद, चौथा व पाचवा खंड, १९५३ सालचा. त्यामुळे अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या, म्हणजे एपीएच्या पद्धतीत हा संदर्भ ‘(फ्रॉइड, १९००/१९५३)’ असा होतो, आणि यादीतल्या नोंदीत मुख्य वर्ष १९५३ देऊन शेवटी ‘मूळ प्रकाशन १९००’ असं कंसात येतं. शिकागो पद्धतीत तिरकी रेघ नाही. तिथे मजकुरात मूळ वर्ष चौकटी कंसात आधी येतं: [१९००] १९५३. मॉडर्न लँग्वेज असोसिएशनच्या, म्हणजे एमएलएच्या पद्धतीत मजकुरातल्या कंसात वर्षच नसतं, म्हणून ती मूळ वर्ष यादीत, पुस्तकाच्या नावानंतर देते.

पण फ्रॉइडच्या हयातीत या पुस्तकाच्या आठ आवृत्त्या निघाल्या, शेवटची १९३० साली. त्यातल्या बहुतेक वेळा त्याने भर घातली. स्वप्नातल्या प्रतीकांवरचा जो भाग लोक सर्वांत जास्त उद्धृत करतात, तो पहिल्या आवृत्तीत जवळजवळ नव्हताच. त्यातला बराच मजकूर १९०९ आणि १९११ च्या आवृत्त्यांत पाचव्या प्रकरणात आला आणि स्वतंत्र विभाग झाला तो १९१४ मध्ये. शिवाय १९१४ ते १९२२ च्या आवृत्त्यांत त्याचा शिष्य ऑटो रांक याचे दोन निबंधही होते, ते १९३० मध्ये गळाले. तेव्हा प्रतीकांवरचं वाक्य घेऊन ‘१९००/१९५३’ लिहिणारा माणूस नियम तंतोतंत पाळतो आणि तारीख मात्र चुकवतो. सुदैवाने स्ट्रेचीने कोणता परिच्छेद कधी आला याच्या टिपा जागोजाग दिल्या आहेत. त्या वाचायचा कंटाळा केला की चूक घडते.

आता बाबासाहेबांच्या पुस्तकाकडे परत येऊ, कारण इथे हेच कोडं आपल्या घरात आहे. लाहोरच्या जात-पात तोडक मंडळासाठी लिहिलेलं, पण कधीच न झालेलं ते भाषण त्यांनी १९३६ साली स्वखर्चाने छापलं. १,५०० प्रती दोन महिन्यांत संपल्या, असं त्यांनीच दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत म्हटलं आहे. मधल्या काळात गांधीजींनी ‘हरिजन’मध्ये या भाषणावर लिहिलं. १९३७ च्या दुसऱ्या आवृत्तीत बाबासाहेबांनी गांधीजींचे लेख परिशिष्टात घेतले आणि त्यापुढे आपलं उत्तर जोडलं. १९४४ साली तिसरी आवृत्ती आली. तिच्या प्रस्तावनेत त्यांनी स्पष्ट सांगितलं की ‘कास्ट्स इन इंडिया’ हा जुना निबंध यात मिसळून पुस्तक नव्याने लिहायचा बेत होता, पण वेळ मिळाला नाही, म्हणून हे दुसऱ्या आवृत्तीचं नुसतं पुनर्मुद्रण समजावं. लेखकाने इतकं स्वच्छ सांगणं दुर्मीळ. आपल्याकडे एरवी छपाई दुसऱ्यांदा झाली की मुखपृष्ठावर ‘दुसरी आवृत्ती’ येते, आत एक अनुस्वारही बदललेला नसला तरी.

१९७९ च्या खंडात भाषण, दोन्ही प्रस्तावना आणि परिशिष्टं एकापाठोपाठ छापलेली आहेत. भाषणातलं वाक्य घेतलंत तर ‘(आंबेडकर, १९३६/१९७९)’ बरोबर. गांधीजींना दिलेल्या उत्तरातलं घेतलंत तर ते १९३६ च्या पुस्तकात असणं शक्यच नव्हतं, कारण ज्याला उत्तर द्यायचं तो मजकूरच नंतर आला. तिथे १९३७/१९७९ हवं. वेळ न मिळाल्याची कबुली उद्धृत केलीत तर १९४४/१९७९. खंड एक आणि मूळ वर्षं तीन. ही गफलत ओळखायची खूण सोपी आहे: उद्धृत वाक्य ज्या घटनेबद्दल बोलतं, ती तुम्ही दिलेल्या मूळ वर्षानंतरची निघाली तर वर्ष चुकलं.

जुन्या मराठी पुस्तकांत एक जास्तीची फेरी असते. शीर्षकपानावर फक्त शके असेल तर ७८ मिळवून इसवी सन काढतात, पण छपाई जानेवारी ते गुढीपाडवा या दिवसांतली असेल तर ७९. महिना छापलेला नसेल तर शके तसाच ठेवून जोडवर्ष द्यावं, उदाहरणार्थ शके १८०४, म्हणजे १८८२-८३. ते दिसायला बेंगरूळ असेल, पण खोटं नसतं.

संगणकावर संदर्भ ठेवणाऱ्यांसाठी: झोटेरोमध्ये मूळ वर्षाची वेगळी चौकट नाही, ते ‘एक्स्ट्रा’ या चौकटीत असं टाकावं लागतं:

```
Original Date: 1937
```

लाटेकमध्ये `biblatex` वापरणाऱ्यांना `origdate` हे क्षेत्र आहे. दोन्हीकडे एका नोंदीला मूळ वर्ष एकच मिळतं. म्हणून भाषण आणि उत्तर या दोन वेगळ्या नोंदी करून ठेवाव्या लागतात, दोन्हींचं मुख्य वर्ष १९७९ आणि खंड तोच.