‘बिल भरू नका’ म्हणणाऱ्या भाषणामागची पार्श्वभूमी

तहसील कचेरीसमोर मोर्चा थांबतो, ट्रॉलीवर उभा राहून कुणीतरी माइक हातात घेतो आणि म्हणतो, “शेतीपंपाचं बिल कुणी भरायचं नाही!” हा गुन्हा आहे का, हा प्रश्न दर उन्हाळ्यात कुठल्या ना कुठल्या तालुक्यात निघतो. उत्तर देताना भाषणस्वातंत्र्य देणाऱ्या, राज्यघटनेच्या अनुच्छेद 19 चा उल्लेख सगळेच करतात. पण या प्रश्नाचं जवळजवळ तंतोतंत उत्तर ज्या निकालात आहे, त्याची आठवण क्वचितच निघते. तो निकाल 1960 चा आहे आणि भाषण होतं 1954 चं, उत्तर प्रदेशातल्या फर्रुखाबादचं.

केसरीच्या संपादकांवरचे राजद्रोहाचे खटले मराठी वाचकाला सांगायला नकोत. ते सरकारविषयी अप्रीती पसरवल्याचे होते. इथे मामला वेगळा आहे: कर किंवा देणं भरू नका असं सांगणं. सविनय कायदेभंगाच्या काळात सरकारला जास्त धास्ती होती ती याचीच. म्हणून 1932 साली संयुक्त प्रांतात एक खास कायदा झाला. त्याच्या तिसऱ्या कलमानुसार, शेतसारा किंवा त्यासारखं वसूल होणारं देणं ‘भरू नका’ किंवा ‘लांबणीवर टाका’ असं कुणालाही, उघड वा आडून सुचवणं हा तुरुंगवासाचा गुन्हा ठरला. स्वातंत्र्य आलं, राज्याचं नाव बदललं, कलम मात्र राहिलं.

मधली दोन वर्षं महत्त्वाची. 1950 मध्ये मुंबईत छापल्या जाणाऱ्या एका इंग्रजी साप्ताहिकावर मद्रास सरकारने घातलेली बंदी सर्वोच्च न्यायालयाने उठवली. भाषणावर कोणत्या कारणांसाठी निर्बंध घालता येतात हे 19(2) सांगतं; तेव्हाच्या 19(2) मध्ये ‘सार्वजनिक सुव्यवस्था’ हे शब्दच नव्हते आणि राज्याच्या सुरक्षिततेला धोका म्हणण्याइतकं त्या बंदीमागचं कारण मोठं नव्हतं. वर्षभरात पहिली घटनादुरुस्ती आली. तिने तीन नवी कारणं घातली: सार्वजनिक सुव्यवस्था, परकीय देशांशी मैत्रीचे संबंध आणि गुन्ह्याला चिथावणी. त्याच दुरुस्तीने निर्बंध ‘वाजवी’ असले पाहिजेत ही अटही घातली. दुरुस्तीवर टीका करताना ही शेवटची गोष्ट बहुतेक जण विसरतात, आणि पुढच्या पाऊणशे वर्षांत वक्त्यांना वाचवलं ते मुख्यतः याच शब्दाने.

आता फर्रुखाबाद. राज्य सरकारने कालव्याच्या पाण्याचे दर वाढवले होते. विरोधी पक्षाच्या सरचिटणीसांनी सभांमधून शेतकऱ्यांना सांगितलं की वाढीव पाणीपट्टी भरू नका. 1932 च्या त्याच कलमाखाली त्यांना अटक झाली. उच्च न्यायालयात दोन न्यायाधीशांचं एकमत होईना, तिसऱ्याच्या मताने सुटका झाली आणि सरकार सर्वोच्च न्यायालयात अपिलात गेलं.

सरकारचा युक्तिवाद वरवर पाहता बिनतोड होता. आज एका माणसाला कर भरू नको म्हणून सांगितलं, तर ती ठिणगी आहे. ती पुढे पसरेल, वसुली थांबेल, एक दिवस क्रांतीचा वणवा पेटेल. म्हणून सार्वजनिक सुव्यवस्थेच्या हितासाठी ठिणगीच विझवली पाहिजे. पाच न्यायाधीशांनी हे एकमताने नाकारलं. त्यांचं म्हणणं असं की, भाषण आणि गडबड यांच्यात जवळचा, थेट संबंध दिसला पाहिजे. ओढूनताणून जोडलेला, केवळ कल्पनेतला किंवा फार लांबचा संबंध चालणार नाही. शिवाय कलम इतकं सैल होतं की शेजाऱ्याने प्रामाणिकपणे दिलेला सल्लाही त्यात अडकला असता. धोकादायक भाग वेगळा काढता येत नाही, म्हणून अख्खं कलमच रद्द झालं.

या निकालावरचा वाद अजून मिटलेला नाही. त्याच्या तीनच वर्षं आधी त्याच न्यायालयाने धार्मिक भावना दुखावण्याच्या कलमाबाबत सांगितलं होतं की 19(2) मधले सुव्यवस्थेच्या ‘हितासाठी’ हे शब्द सुव्यवस्था ‘राखण्यासाठी’पेक्षा व्यापक आहेत, प्रत्यक्ष गडबड झालीच पाहिजे असं नाही. आणि दोनच वर्षांनी, 1962 मध्ये, राजद्रोहाचं कलम वाचवताना पुन्हा अव्यवस्था माजवण्याच्या ‘प्रवृत्ती’ची भाषा आली. बिहारमधल्या बरौनीच्या ज्या वक्त्याचा हा खटला, त्याचं नाव आज प्रत्येक आंदोलकाच्या बचावात घेतलं जातं. त्याचं स्वतःचं अपील मात्र फेटाळलं गेलं होतं. ‘जवळचा संबंध’ आणि ‘प्रवृत्ती’ या दोन कसोट्या तेव्हापासून शेजारीशेजारी नांदतात. पोलिसांना दुसरी सोयीची, आरोपीच्या वकिलाला पहिली.

माझ्या मते पहिलीचं पारडं हळूहळू जड होत गेलं. 1989 मध्ये एका चित्रपटाच्या खटल्यात ठिणगी परत आली, पण उलट्या बाजूने: शब्द दारूच्या कोठारातल्या ठिणगीसारखे असतील तरच रोखा. 1995 मध्ये चंदीगडच्या रस्त्यावर दिलेल्या फुटीर घोषणांबद्दलची शिक्षा रद्द झाली, कारण घोषणा एकदोनदा दिल्या गेल्या आणि लोकांनी त्यांची दखलही घेतली नाही. 2015 मध्ये इंटरनेटवरच्या लिखाणाबद्दलचं 66अ कलम गेलं, तेव्हा 1960 चा निकाल आधाराला होता. 2015 च्या निकालाने चर्चा, मताचा पुरस्कार आणि चिथावणी अशा तीन पायऱ्या केल्या आणि निर्बंध तिसरीवरच सुरू होतो असं सांगितलं.

आता मोर्चातलं भाषण घेऊ. “बिल भरू नका” हे वाक्य पहिल्या दोन पायऱ्यांवरच राहतं. बिल थकवणं हा गुन्हा नाही. 2003 च्या वीज कायद्यानुसार पंधरा दिवसांची नोटीस देऊन जोडणी तोडता येते आणि थकबाकी वसूल करता येते, एवढंच. म्हणजे ‘गुन्ह्याला चिथावणी’ हे कारणही लागू होत नाही. पण वक्त्याच्या तोंडून पुढचं वाक्य निघालं, “कनेक्शन तोडलं तर आकडे टाका,” की चित्र पालटतं. आकडा टाकणं ही त्याच कायद्याने वीजचोरी आहे. इथे सुव्यवस्था बिघडली का हे पाहायचीही गरज नाही, कारण चिथावणी हे 19(2) मधलं स्वतंत्र कारण आहे. तिसरं वाक्य, “वायरमन डीपीला हात लावेल तर त्याचे हात तोडा.” हे तालुक्याच्या चौकात, वायरमन जवळपास नसताना, टाळ्यांसाठी म्हटलं, तर वकिलाला संबंध दूरचा होता असं निदान म्हणता येईल. डीपीखाली, लाठ्या घेतलेल्या जमावासमोर, वायरमन खांबावर चढलेला असताना म्हटलं, तर ती ठिणगी खरोखर दारूतच पडलेली असते.

म्हणून फिर्यादीत एकच वाक्य तोडून घातलेलं असेल, तर बचावाचं पहिलं काम म्हणजे अख्ख्या भाषणाचं रेकॉर्डिंग मिळवणं. मार्च 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका कवितेच्या खटल्यात सांगितलं की शब्दांचा परिणाम खंबीर मनाच्या माणसाच्या मापाने मोजावा, कमकुवत मनाच्या नव्हे. हे माप मूळचं नागपूरच्या उच्च न्यायालयाचं, 1940 च्या दशकातलं. तीन वर्षं ते सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यांत, भाषण किंवा लिखाणाबद्दलची तक्रार असेल तर गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशी करणं उचित, असंही 2025 च्या त्या निकालात आहे.

त्याच वर्षी जुलैत महाराष्ट्राच्या दोन्ही सभागृहांनी जनसुरक्षा विधेयक मंजूर केलं. रोख कडव्या डाव्या संघटनांवर असल्याचं सांगण्यात आलं. पण मांडलेल्या मसुद्यातल्या ‘बेकायदेशीर कृत्या’च्या व्याख्येत प्रस्थापित कायद्याची अवज्ञा करण्याचा उपदेश करणंही होतं. वाढीव पाणीपट्टी भरू नका, हा नेमका तसाच उपदेश होता.